गेम अडतो तो घरातल्या हवेत

एका खोलीत चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर आहे आणि त्यावरचा गेम दुसऱ्या खोलीत बसून फोनवर खेळायचा आहे, तर त्यासाठी आज एक पैसाही लागत नाही. कॉम्प्युटरवर ‘सनशाइन’ आणि फोनवर ‘मूनलाइट’ हे दोन मोफत प्रोग्राम टाकले की जोडी जमते. एनव्हिडिया कंपनीने आपली गेमस्ट्रीम सोय २०२३ मध्ये गुंडाळल्यापासून बरेच जण याच जोडीकडे वळले आहेत. सनशाइन बसवल्यावर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये `https://localhost:47990` हे पान उघडायचं, मूनलाइटने दाखवलेला चार आकडी पिन तिथे टाकायचा, की कॉम्प्युटरचा पडदा फोनवर दिसू लागतो. इथवर सगळं सोपं असतं. त्रास सुरू होतो तो खेळायला लागल्यावर. चित्र मधेच गोठतं, चौकोन चौकोन होऊन फाटतं, बटण दाबल्यावर पात्र क्षणभर उशिरा उडी मारतं. मग घरात निष्कर्ष निघतो की नेट स्लो आहे, आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला जातो. गेम तरीही अडतोच, कारण हे निदान मुळातच चुकलेलं असतं. हा व्हिडिओ घराबाहेर जातच नाही. तो कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि राउटरकडून फोनकडे जातो. बाहेरून येणारी फायबरची वायर काढून ठेवली तरी मूनलाइटवरचा खेळ चालू राहतो. म्हणून प्लॅन बदलण्याआधी घरातल्या हवेचा हिशेब करायला हवा, आणि तो केला तर बहुतेक घरांत पहिला उपाय एकच निघतो: कॉम्प्युटर वायफायवरून काढून लॅन केबलने राउटरला जोडणं.

हिशेब असा आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. मूनलाइट १०८० पिक्सेलच्या ६० फ्रेमच्या चित्रासाठी साधारण २० एमबीपीएस बिटरेट धरतो. ६० ने भागलं तर एक फ्रेम जेमतेम ४० किलोबाइटची होते, आणि ती तीसेक पॅकेटांत चिरून पाठवली जाते. आता समजा, राउटर हॉलमध्ये आहे, कॉम्प्युटर आतल्या बेडरूममध्ये, आणि दोन्ही उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर आहेत. आजूबाजूच्या फ्लॅटमधल्या राउटरांची गर्दी धरता प्रत्यक्षात ४० एमबीपीएस हाती लागतात. त्या वेगाने एक फ्रेम कॉम्प्युटरकडून राउटरकडे जायला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. पण तीच फ्रेम राउटरला पुन्हा हवेतूनच फोनकडे पाठवायची असते, त्यात तितकाच वेळ जातो. दोन्ही मिळून १६.७ मिलिसेकंद झाले, म्हणजे एका फ्रेमचा सगळा वेळ वाहतुकीतच संपला. वायफायचा एक चॅनेल म्हणजे एकेरी पूल आहे, एका वेळी एकच गाडी जाते, आणि इथे प्रत्येक गाडीला तो पूल दोनदा ओलांडावा लागतो.  हिशेबात सवड अजिबात उरत नाही. मग कोणी स्वयंपाकघरात मोबाइलवर व्हिडिओ लावला नसला तरी फ्रेमची रांग लागते आणि उशीर झालेल्या फ्रेम टाकून द्याव्या लागतात.

याच घरात कॉम्प्युटर केबलने जोडला तर पहिली फेरी हवेतून नाहीशी होते. फोन ५ गिगाहर्ट्झवर घेतला आणि प्रत्यक्षात २०० एमबीपीएस मिळाले, तर उरलेली एक फेरी दोन मिलिसेकंदांच्या आत आटोपते. म्हणजे पूल बहुतेक वेळ मोकळा राहतो, आणि एखादं पॅकेट शेजारच्या राउटरमुळे अडलं तरी फ्रेमची वेळ टळण्याआधी ते पोहोचवायला सवड असते. लेटन्सीच्या बाबतीत ही सवडच खरी कमाई आहे. नेहमी ३० मिलिसेकंद उशीर होत असेल तर हाताला त्याची सवय होते. कधी ३ आणि कधी ९० असं झालं की सवय होऊच शकत नाही, कारण बटण केव्हा दाबायचं याचा अंदाजच बांधता येत नाही. तेव्हा सरासरी वेगापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा, आणि तो केबलइतका स्वस्तात दुसरं काही देत नाही. केबल भारीतली लागत नाही; साधी कॅट ५ई पुरते. फायबर कंपनीने दिलेल्या राउटरचे लॅन पोर्ट जुने, १०० एमबीपीएसचे असले तरी २० एमबीपीएसचा व्हिडिओ त्यातून आरामात जातो.

यावर रास्त आक्षेप असा की भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही. पण दाराच्या फटीतून जाणारी चपटी केबल मिळते, आणि कित्येकदा कॉम्प्युटरच राउटरच्या खोलीत हलवणं शक्य असतं. खेळायचं तर फोनवरच आहे. तेही जमत नसेल तर विंडोजमधला मोबाइल हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावून फोन थेट कॉम्प्युटरला जोडता येतो. राउटर मधून निघाल्यामुळे व्हिडिओची फेरी एकच उरते. मात्र तेच वायफाय कार्ड एकीकडे राउटरशी आणि दुसरीकडे फोनशी बोलत राहिलं तर त्याचा वेळ पुन्हा वाटला जातो, शिवाय काही कार्डांना हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावताच येत नाही. म्हणून हा उपाय दुसऱ्या क्रमांकाचा.

केबल लागली की राउटरच्या सेटिंगकडे वळायचं. तिथे बदलण्यासारखं फार थोडं असतं. बरेच राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवतात आणि फोन कधीकधी २.४ वर जाऊन बसतो. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं की तो प्रश्न मिटतो. ब्लूटूथ कंट्रोलर वापरणाऱ्यांनी हे नक्की करावं, कारण ब्लूटूथही २.४ मध्येच चालतं आणि दोघांची टक्कर होते. चॅनेल ‘Auto’ वर न ठेवता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला घ्यावा. मधले ५२ पासूनचे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो, आणि त्या क्षणी गेम तुटतो. रुंदी ८० मेगाहर्ट्झ पुरेशी आहे. सोसायटीत शेजारचे पाच-सहा राउटर दिसत असतील तर ४० वर आणण्यात नुकसान नाही, उलट स्थैर्य वाढतं. ‘WMM’ नावाची खूण चुकूनही काढू नये. ती काढली की वायफाय जुन्या काळच्या ५४ एमबीपीएसवर घसरतं. आणि फोनला कॉम्प्युटर सापडतच नसेल तर फोन गेस्ट नेटवर्कवर आहे का, किंवा ‘AP Isolation’ चालू आहे का, हे आधी पाहावं, कारण या दोन्ही सोयींचं कामच उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याचं आहे. राउटरच्या खोक्यावर ठळक छापलेलं ‘QoS’ मात्र इथे बहुधा उपयोगी पडत नाही. घरगुती राउटरांत ते सहसा इंटरनेटकडे जाणाऱ्या वाहतुकीची वाटणी करतं, आणि आपला व्हिडिओ त्या रस्त्याने जातच नाही.

हे सगळं करण्याआधी आणि केल्यावर मोजमाप घ्यावं, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. कॉम्प्युटर वायफायवर असताना त्यावर ही आज्ञा द्यावी; आकडा आपल्या राउटरचा पत्ता असावा:

```
ping -n 100 192.168.1.1
```

सरासरीकडे फारसं लक्ष देऊ नये, सर्वात मोठा आकडा पाहावा. बहुतेक उत्तरं २-३ मिलिसेकंदांची आणि मधेच एखादं ८० चं असेल, तर अडखळण्याचं कारण तिथेच सापडलं. केबल लावल्यावर जवळजवळ सगळी उत्तरं १ मिलिसेकंदाच्या आत येतात. कॉम्प्युटरवरून फोनला पिंग करून मात्र निष्कर्ष काढू नये. फोन बॅटरी वाचवण्यासाठी वायफाय मधूनमधून झोपवतो, आणि निष्क्रिय फोनचं उत्तर १०० मिलिसेकंदांनंतरही येऊ शकतं. फोनच्या बाजूची अवस्था मूनलाइट स्वतः सांगतो. सेटिंगमध्ये कामगिरीचे आकडे दाखवण्याची सोय चालू केली की खेळताना कोपऱ्यात ते दिसतात. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेमची टक्केवारी आणि ‘variance’ चा आकडा वाढत असेल तर दोष हवेचा. हे दोन्ही शांत असून डिकोडिंगचा वेळ १६ मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर फोन चित्र उलगडायला कमी पडतोय. आणि होस्टचा वेळ वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेममध्येच पूर्ण गुंतलं आहे. तिथे गेमची फ्रेम मर्यादा ६० वर बांधली की एन्कोडिंगला वाव मिळतो. ठरावीक वेळाने एकेक झटका बसतो असं दिसलं तर फोन मागच्या बाजूला आसपासची वायफाय नेटवर्कं शोधत असण्याची शक्यता मोठी. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्या सेटिंगमधलं वायफाय स्कॅनिंग बंद करून पाहावं.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, वायफाय ६ चा नवा राउटर आणला की झालं. फोन आणि कॉम्प्युटर दोघांनाही वायफाय ६ येत असेल, तर नवा राउटर प्रत्येक फेरीचा वेळ कमी करतो हे खरं. पण फेऱ्या दोनच राहतात, आणि ५ गिगाहर्ट्झला काँक्रीटची भिंत तितकीच जड जाते. हजारो रुपये खर्चून जे अर्धवट मिळतं ते काही शे रुपयांच्या केबलने पूर्ण मिळतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: केबल लावूनही उशीर शून्य होत नाही. कॉम्प्युटरने फ्रेम आवळायची, फोनने उलगडायची, मग पडद्याच्या पुढच्या रिफ्रेशची वाट पाहायची, यात काही मिलिसेकंद जाणारच आणि ते राउटर वाचवू शकत नाही. म्हणून चढाओढीचे नेमबाजीचे गेम या मार्गाने खेळू नयेत. तिथे समोरच्या खेळाडूच्या मॉनिटरशी बरोबरी होणार नाही. कथेचे, शर्यतीचे, डावपेचांचे गेम मात्र या उशिरात उत्तम चालतात. केबल कुठल्याच प्रकारे शक्य नसेल तर बिटरेट १० एमबीपीएस आणि चित्र ७२० पिक्सेलवर आणावं. साडेसहा इंची पडद्यावर तो फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही आणि हवेतला भार निम्मा होतो. प्लॅन वाढवायचा की नाही हे त्यानंतर ठरवा, आणि ते ठरवताना या गेमचा विचार करू नका. त्याचा प्लॅनशी संबंध नाही.