काळ, काम आणि गळका हौद

काळ-काम-वेगाच्या गणितात दिवसांची किंवा तासांची बेरीज करता येत नाही. बेरीज होते ती वेगांची. एक गवंडी एखादी भिंत 12 दिवसांत बांधतो आणि दुसरा 8 दिवसांत, तर दोघांना मिळून 20 दिवस लागणार नाहीत हे कोणालाही कळते. त्यांची सरासरी 10 दिवसही चुकीचीच, कारण एकटा दुसरा गवंडीच 8 दिवसांत मोकळा होतो. म्हणून आधी प्रत्येकाचे एका दिवसाचे काम काढायचे, ते एकत्र करायचे आणि मगच पुन्हा काळाकडे वळायचे.

ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या इ. स. 1150च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त चार झऱ्यांचे उदाहरण येते. एकेकटे सोडले तर ते हौद अनुक्रमे एका दिवसात, अर्ध्या दिवसात, दिवसाच्या तिसऱ्या आणि सहाव्या भागात भरतात. म्हणजे दिवसभरात ते 1, 2, 3 आणि 6 हौद भरतील. चौघे मिळून 12 हौद. तेव्हा एक हौद भरायला दिवसाचा बारावा भाग, म्हणजे 5 घटका पुरतात.

स्पर्धा परीक्षांत प्रश्न बहुधा कार्यक्षमतेच्या भाषेत येतो: पहिला गवंडी भिंत 12 दिवसांत बांधतो, दुसरा त्याच्यापेक्षा 50 टक्के अधिक कार्यक्षम आहे, तर दोघे मिळून किती दिवसांत बांधतील? इथे घाईने 12 दिवसांतून निम्मे वजा करून दुसऱ्याला 6 दिवस दिले जातात. पण 50 टक्के वाढला आहे तो वेग. वेगांचे गुणोत्तर 2 : 3, तर वेळेचे उलटे 3 : 2, म्हणून दुसऱ्याला 8 दिवस लागतात. भिंत 24 भागांची मानली (24 हा 12 आणि 8 यांचा लसावि), तर पहिला दिवसाला 2 भाग बांधतो आणि दुसरा 3. दोघांचे मिळून 5 भाग होतात आणि 24 ला 5 ने भागले की उत्तर येते 4.8 दिवस. लसावि घेण्यामागे दुसरे काही गूढ नाही. अपूर्णांकांची कटकट टळते, इतकेच.

नळ आणि हौदाचे गणित याच घरातले आहे, फक्त इथे एखादा कामगार केलेले काम मोडतही असतो. समजा, पहिला नळ हौद 12 तासांत भरतो, दुसरा 15 तासांत, आणि तळाची तोटी भरलेला हौद 10 तासांत रिकामा करते. हौद 60 भागांचा धरला तर ताशी वेग होतात अधिक 5, अधिक 4 आणि उणे 6. तिन्ही एकदम उघडे असले तर ताशी 3 भाग साठतात आणि 20 तासांत हौद भरतो.

खरी गंमत येते ती हे तिन्ही याच क्रमाने एकेक तास आळीपाळीने उघडल्यावर. तीन तासांच्या एका फेरीत 3 भाग साठतात, तेव्हा 60 भागांसाठी 20 फेऱ्या, म्हणजे 60 तास, असे वाटते. परंतु फेरीच्या शेवटी दिसणारी पातळी ही तोटीने 6 भाग काढून घेतल्यानंतरची असते. त्याआधी, दुसऱ्या तासाअखेर, पाणी फेरीच्या सुरुवातीपेक्षा 9 भाग वर चढलेले असते. म्हणून प्रश्न असा विचारायचा: 60 मधून 9 वजा केल्यावर उरणारे 51 भाग कधी साठतात? 17 फेऱ्यांत, म्हणजे 51 तासांत. पुढच्या तासाला पातळी 56 होते, त्यापुढच्याला 60. हौद 53 तासांत काठोकाठ भरतो. तोटीची पाळी येतच नाही.

तोटी पहिल्या तासाला उघडली तर मात्र वेगळीच अडचण येते. हौद कोरडा असताना तोटी काय रिकामे करणार? कागदावर उणे 6 लिहिले की उत्तर चुकते. तो एक तास नुसता वाया जातो आणि एकूण 54 तास लागतात.

या सगळ्याच्या मुळाशी वेग कायम राहतो असे एक गृहीत आहे. नळांच्या बाबतीत ते बरेचसे चालून जाते, तोटीच्या बाबतीत नाही. छिद्रातून पाणी किती जोराने बाहेर पडेल हे वरच्या पाण्याच्या उंचीवर, नेमके सांगायचे तर तिच्या वर्गमुळावर, अवलंबून असते. पातळी उतरते तशी धार मंदावते. त्यामुळे उभ्या भिंतींचा हौद तळाच्या छिद्रातून रिकामा व्हायला, सुरुवातीचीच धार शेवटपर्यंत टिकली असती तर जितका वेळ लागला असता, त्याच्या दुप्पट लागतो. परीक्षेतली तोटी मात्र हौद काठोकाठ असो वा तळाशी वीतभर पाणी असो, ताशी 6 भागच काढते.