बाजारात तुरी आणि साठ चादरी

रात्री बाराला मोबाइल पहिल्यांदा वाजला, तेव्हा मला आनंदच झाला. अर्ध्या तासात तो इतक्यांदा वाजला, की सासूबाई उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, कोणाचं काही बरंवाईट तर नाही ना?" मी म्हटलं, "नाही हो, चादरी खपताहेत!"

ही गोष्ट 2023 च्या ऑक्टोबरातली. आमचं सोलापुरात चादरींचं लहानसं दुकान आहे. दुकान यजमान बघतात आणि इंटरनेटवरची विक्री मी. दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांत आमच्या चादरी लावलेल्या होत्या. दसऱ्याआधी दोन्हीकडे सवलतीचा महोत्सव एकाच रात्री सुरू झाला. किरमिजी, हिरवी, निळी आणि बहुरंगी अशा चार रंगांच्या प्रत्येकी 60, म्हणजे एकूण 240 चादरी माझ्याकडे होत्या. दोन्ही बाजारांत मी प्रत्येक रंगापुढे साठा म्हणून 60 हाच आकडा भरला. चूक तिथेच झाली, पण ती कळायला सकाळचे दहा वाजावे लागले.

दहापर्यंत एकूण मागण्या आल्या 188. चादरी 240, मागण्या 188. वरवर पाहता काळजीचं कारणच नव्हतं. पण रंगवार यादी काढली आणि पोटात गोळा आला. किरमिजीला पहिल्या बाजारातून 41 आणि दुसऱ्यातून 38 मागण्या होत्या. बेरीज 79! पहिल्या बाजाराच्या लेखी माझ्याकडे अजून 19 चादरी शिल्लक होत्या आणि दुसऱ्याच्या लेखी 22. दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती, आणि ज्या एका माणसाला दोन्हीकडची खबर असायला हवी होती, ते माणूस रात्रभर आकडे वाढताना बघून खूश होत बसलं होतं.

फडताळातला गठ्ठा मोजला. त्यातल्या दोन चादरींवर मागाच्या तेलाचे डाग निघाले. म्हणजे प्रत्यक्षात चादरी 58 आणि मागण्या 79. तूट 21 ची. माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत कुरिअरवाल्याच्या हाती द्यायचा होता.

मी आमच्या कारखानदार अण्णांना फोन लावला. "वहिनी, किरमिजीचा बीम आत्ता मागावर नाही," ते म्हणाले. "सूत रंगवायचं, ताणा भरायचा, मग विणायचं. सात दिवस तरी पाहिजेत. आणि दोनशे नगांच्या खाली परवडत नाही. केलेला माल परत घेणार नाही, हे आत्ताच सांगतो."

सात दिवसांनी येणारी चादर उद्याच्या मागणीला उपयोगाची नव्हती, हे शेंबडं पोरही सांगेल. पण महोत्सव आठ दिवसांचा होता. एका रात्रीत 79, तर आठ दिवसांत किती, असं त्रैराशिक मी मांडलं. यजमान म्हणाले, "जरा दोन दिवस बघू." मी बघितलं नाही. 430 रुपयांप्रमाणे 200 चादरी सांगितल्या. 86,000 रुपयांचा माल, निम्मी रक्कम आगाऊ. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या महिन्यात कळला.

पहिला धडा लगेच दुसऱ्या दिवशी मिळाला. 79 पैकी सहा जणांनी मागणी स्वतःच मागे घेतली. महोत्सवात लोक दोन-तीन ठिकाणी मागणी नोंदवतात आणि सकाळी थंड डोक्याने एक ठेवतात. त्यामुळे तूट 15 वर आली. त्या 15 मागण्या मात्र मला रद्द कराव्या लागल्या. सर्वांत शेवटी आलेल्या म्हणून त्याच निवडल्या. दुसरा न्याय सुचेना. गिऱ्हाइकाने रद्द केलं तर विक्रेत्याला बोल लागत नाही. आपण रद्द केलं तर तो आपल्या नावावर डाग असतो. पहिल्या बाजाराकडून ताकीद आली आणि आमची किरमिजी चादर यादीत खाली गेली. पैसे आधी भरलेल्या एका बाईंनी तक्रारीत लिहिलं होतं, की भाऊबीजेला भावाला द्यायची होती, तुमच्या भरवशावर दुसरीकडे घेतली नाही. त्यांचे पैसे परत गेले. भरवसा परत देण्याची सोय कुठल्याच बाजारात नाही.

दुसरा धडा यायला महिना लागला. पाठवलेल्या 58 पैकी 34 पार्सलं दारात रोख पैसे देण्याच्या बोलीवर होती. त्यांतल्या 11 घरांनी पार्सल घेतलंच नाही. आणखी तीन चादरी उघडून परत आल्या. हा परतीचा माल तीन आठवडे कुठल्यातरी गोदामांतून फिरत होता. तो ना माझ्या फडताळात, ना गिऱ्हाइकाच्या घरात. शेवटचं पार्सल परत आलं, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

आता हिशेब बघा. एरवी 699 ला जाणारी चादर मी 599 ला लावली होती. खरेदी 430, दलाली आणि पाठवणूक मिळून 140, पिशवी-खोका 12. हाती राहिले 17 रुपये. खरोखर खपल्या 44 चादरी, म्हणजे मिळाले 748 रुपये. परतीच्या 14 चादरींवर कापलेलं भाडं, फुकट गेलेलं वेष्टन आणि पुन्हा इस्त्री-घडी धरून सरासरी 70 रुपये, म्हणजे 980. त्या 79 मागण्यांच्या धुमधडाक्यातून 232 रुपयांचा तोटा निघाला! अण्णांच्या 200 चादरी सातव्या दिवशी आल्या. महोत्सव संपेपर्यंत त्यांतल्या 52 गेल्या. उरलेला ढीग मार्चच्या लग्नसराईपर्यंत आमच्या माजघरात होता. यजमान एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

2024 मध्ये मी आधी शंभर पानी वही आणली आणि रंगवार चार रकाने आखले: फडताळात, मागणी आलेल्या, वाटेवर, परत आलेल्या पण न तपासलेल्या. विकायला फक्त पहिला रकाना. चौथ्यातली चादर उजेडात उलगडून पाहिल्याशिवाय पहिल्यात जात नाही. एका रंगाच्या 60 चादरींपैकी पहिल्या बाजाराला 30 दाखवल्या, दुसऱ्याला 20 आणि दहा कोणालाच नाही. डाग, मोजणीतली चूक, पत्त्याचा घोळ यांना त्या दहा. सकाळी आणि दुपारी वही बघून आकडे बदलायचे.

आणखी एक गोष्ट केली. आम्ही दोघं मिळून दिवसाला 90 पार्सलं नीट बांधू शकतो. माल शिल्लक असो वा नसो, 90 झाली की साठा शून्य करून झोपायचं. आणि एकेक चादर स्वस्त लावण्याऐवजी जोडी लावली, 1,149 ला. खरेदी 860, दलाली-पाठवणूक 215, वेष्टन 16. एका पार्सलमागे 58 रुपये सुटले. नवा माल सांगण्याआधी आलेल्या मागण्या न मोजता घरोघर पोचलेली पार्सलं मोजली.

मागण्या आदल्या वर्षीपेक्षा कमी आल्या. आम्हाला रद्द कराव्या लागल्या त्या दोनच. अण्णांनी विचारलं, "वहिनी, यंदा दोनशे टाकू का?" मी वही उघडली आणि म्हटलं, "दहा दिवसांनी सांगते, अण्णा."

मोबाइल मी रात्री बंद ठेवते. सासूबाईंनाही झोप लागते.