वाकडी मान सरळ करू नका

समजा, आठवीच्या वर्गात अल्बिनिझम असलेली एक मुलगी आहे. उजेड तिला सहन होत नाही आणि बुबुळं सतत थरथरतात. चष्मा लावूनही तिची नजर 6/36 आहे. म्हणजे इतरांना जे 36 मीटरवरून दिसतं, ते तिला 6 मीटरवर यावं तेव्हा दिसतं.

अशा मुलीला बहुतेक शाळा पहिल्या बाकावर बसवतात आणि काम झालं असं समजतात. पण ती मान उजवीकडे वळवून, डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून फळ्याकडे बघत असेल, तर ती खोड नव्हे. त्या दिशेला बुबुळांची थरथर सगळ्यात कमी होते, म्हणून अक्षर स्थिर दिसतं. ‘मान सरळ ठेव’ म्हणणारे शिक्षक नकळत तिची नजर काढून घेतात. तिला वर्गाच्या उजव्या बाजूला पुढे बसवलं, तर फळा आपोआप डावीकडे येतो. खिडकी मात्र पाठीमागे हवी, समोर नको.

वाचताना ती पुस्तक नाकाशी नेते. त्याने डोळे बिघडत नाहीत. पुस्तक 40 सेंटीमीटरवरून 10 सेंटीमीटरवर आणलं की डोळ्यातली प्रतिमा चौपट होते, आणि भिंगही याहून वेगळं काय करतं? मान आणि पाठ मात्र दुखते. त्यासाठी उतरतं वाचन-मेज द्यावं, म्हणजे पुस्तकच वर येतं.

ए-फोर पानाची ए-थ्री झेरॉक्स हा सोपा उपाय वाटतो, पण अक्षर जेमतेम दीडपट होतं आणि छपाईतली फिकट रेघ फिकटच राहते. देवनागरीत अनुस्वार, रफार, ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक आधी हरवतो. म्हणून मजकूर नव्याने ठळक टाइपात, ओळींमध्ये मोकळी जागा ठेवून छापलेला बरा. पण हाच उपाय सगळ्यांना चालत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसामुळे ज्याचं दृष्टिक्षेत्र नळीएवढं उरलंय, त्याच्या नजरेत मोठ्या टाइपाची दोनच अक्षरं मावतात. त्याला ठळक पण लहान अक्षर आणि भरपूर उजेड लागतो. टाइप कोणता, हे मुलाला वाचायला देऊनच ठरवावं.

परीक्षेत, 2018च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण येणाऱ्या विद्यार्थ्याला तासामागे किमान 20 मिनिटं जादा मिळत असत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रश्नपत्रिका बारीक टाइपातच असेल, तर तो तास अक्षरं लावण्यातच जातो.

भूगोलाच्या नकाशात बारीक ठिपका शोधायला लावला, तर मार्क भूगोलाचे राहत नाहीत, डोळ्यांचे होतात. नकाशा मोठा आणि कमी नावांचा द्यावा, नाहीतर त्याच मार्कांचा लेखी प्रश्न विचारावा.

लेखनिक घ्यायचा की स्वतः लिहायचं, हे तिनेच ठरवावं. लेखनिक घेतला तर उत्तर मनात जुळवून सांगावं लागतं, विरामचिन्हंसुद्धा. ही सवय घटक चाचणीपासून लावावी लागते. दहावीच्या केंद्रावर पहिल्यांदा लेखनिकाशेजारी बसलेलं मूल निबंधात अडखळतंच.