दिवसाला पावणेतीन मिलिग्रॅम

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी एरवी कुणाच्या ध्यानीमनी नसते. तिथे तयार होणारं कॉर्टिसॉल रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळतं, आजारपणात शरीराला तग धरायला लावतं. अल्डोस्टेरॉन नावाचं दुसरं संप्रेरक शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. काही बाळांमध्ये ही दोन्ही बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर जन्मतःच अपुरं असतं. कॉर्टिसॉल कमी पडतंय म्हणून मेंदू ग्रंथीला सारखा हाकारत राहतो, ग्रंथी फुगते, आणि वाट अडलेला सगळा कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. कन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया हे या विकाराचं लांबलचक नाव.

मुलीच्या बाबतीत जन्मतःच बाह्य जननेंद्रियाच्या ठेवणीत फरक दिसतो, म्हणून निदान लवकर होऊ शकतं. मुलगा मात्र दिसायला ठणठणीत असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक कोसळतो. टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा विकार आधीच ओळखता येतो, पण ती तपासणी आपल्याकडे सरसकट होत नाही.

माझ्याकडे असाच एक चौदा दिवसांचा मुलगा आला होता. जन्माचं वजन २.९ किलो, त्या दिवशी २.६. सारख्या उलट्या, दूध ओढायची ताकद नाही, डोळे खोल गेलेले. रक्तातलं सोडियम ११८, पोटॅशियम पावणेआठ. आईवडील मामे-आतेभावंडं, आणि आधीचा मुलगा तीन आठवड्यांचा असताना ‘हगवणीनं’ गेलेला. आईवडील दोघंही दोषाचे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते, हे त्या घराला तेव्हा प्रथम कळलं. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनांनी बाळ सावरलं. खरा प्रश्न पुढचा होता, कारण ग्रंथी जे करत नाही ते आता घरच्यांनी रोज, जन्मभर तोंडावाटे द्यायचं होतं.

किती द्यायचं? आपल्याला औषध किलोवर मोजायची सवय असते. पण शरीर किती कॉर्टिसॉल वापरतं याचा मेळ वजनापेक्षा अंगाच्या पृष्ठभागाशी अधिक चांगला बसतो. लहान वस्तूला आकारमानाच्या मानानं कातडी जास्त असते. लिंबाच्या आणि कलिंगडाच्या सालीची तुलना करून पाहा. हिशेब सोपा आहे. सेंटिमीटरमधली लांबी आणि किलोमधलं वजन यांचा गुणाकार करायचा, त्याला ३६०० नं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. मोस्टेलर यांनी १९८७ साली सुचवलेली ही रीत आम्ही रोज वापरतो.

घरी जाताना आमचं बाळ सव्वा महिन्याचं होतं. वजन ३.६ किलो, लांबी ५२ सेंटिमीटर. गुणाकार १८७.२, भागून ०.०५२, वर्गमूळ ०.२२८ चौरस मीटर. अशा बाळांना साधारणपणे दर चौरस मीटरला दिवसाकाठी १० ते १५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लागतं. आम्ही १२ धरलं, म्हणजे दिवसाला पावणेतीन मिलिग्रॅम. याच दरानं साठ किलोच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला वीसच्या आसपास पडतात. त्या विसांचा वजनाच्या प्रमाणात वाटा काढला असता, तर बाळाच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिलिग्रॅम आला असता. निम्म्याहूनही कमी!

हे पावणेतीन एकदम देऊन चालत नाही. हायड्रोकॉर्टिसोन रक्तात दीड तासात निम्मं होतं आणि सहा-आठ तासांत त्याचा अंमल ओसरतो. म्हणून तीन भाग करायचे आणि सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहाला द्यायचे. प्रत्येक वेळी ०.९ मिलिग्रॅम. जास्त वेळ टिकणारी प्रेडनिसोलोनसारखी औषधं सोयीची खरी, पण ती वाढ खुंटवतात. वाढत्या मुलांसाठी आम्ही ती टाळतो.

आता गोळी येते दहा मिलिग्रॅमची. तिचा अकरावा भाग सुरीनं कसा करणार? युरोपात २०१८ पासून अर्ध्या मिलिग्रॅमपासूनचे दाणे मिळतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांना गोळीच कुटावी लागते. आम्ही बाळाच्या आजीला शिकवलं ते असं : गोळीची वस्त्रगाळ पूड करायची, उकळून गार केलेल्या मोजून दहा मिलिलिटर पाण्यात मिसळायची, जोरात हलवायची आणि हलवता हलवताच सिरिंजमध्ये ०.९ मिलिलिटर ओढून घ्यायचं. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. क्षणभर थांबलात तर वरचं नुसतं पाणी बाळाच्या तोंडात जातं. उरलेलं फेकायचं, पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. आजीला ते जिवावर आलं. ‘‘डॉक्टरसाहेब, नऊ आणे टाकून एक आणा पोराला?’’ मी म्हटलं, ‘‘आजी, गोळी स्वस्त आहे, टाका.’’ जवळ हुशार औषधविक्रेता असेल तर दुग्धशर्करेत घोटून मोजक्या पुड्या बांधून घेणं अधिक बरं. ती कला मात्र झपाट्यानं लोपते आहे.

याच्या जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी आणि दिवसभरात दुधात विभागून सुमारे एक ग्रॅम साधं मीठ. आईच्या दुधात मीठ थोडं आणि या बाळाचं गळतं फार, म्हणून ते वरून द्यावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात बाळ सहा किलोचं आणि ६१ सेंटिमीटरचं झालं. पृष्ठभाग ०.३२. जुनाच डोस चालू ठेवला असता तर चौरस मीटरमागे साडेआठच मिलिग्रॅम पडले असते. कुणी काही चुकलं नसतं, बाळ नुसतं वाढलं असतं, आणि औषध आपोआप अपुरं ठरलं असतं. म्हणून पहिल्या वर्षात दर भेटीत वजन-लांबी मोजून गणित नव्यानं मांडायचं. आता डोस ३.८ झाला.

कमी पडलं तर वजन अडतं, उलट्या होतात, स्तनाग्रं आणि जांघेतली कातडी काळवंडते. जास्त झालं तर चेहरा गोल होतो, वजन चढतं पण लांबी वाढत नाही. ही दुसरी खूण फसवी. गुटगुटीत बाळ पाहून सगळं घर खूश असतं, आणि आम्ही मोजपट्टीकडे पाहून काळजीत. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करतात, पण तो आकडा अगदी नॉर्मल आला तर आम्हांला आनंद होत नाही. डोस जास्त होतोय, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

रोजचा डोस निरोगी दिवसाचा. तापात निरोगी ग्रंथी आपलं उत्पादन कितीतरी वाढवते, इथे ते आपण करायचं. ताप १०१ च्या वर गेला तर डोस दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, ताप उतरेपर्यंत, आणि मग थेट पूर्वीच्या डोसवर. ‘स्टेरॉइड’ या शब्दाला घाबरून तापातच औषध बंद करणारे नातेवाईक भेटतात. या मुलांना धोका त्यांचाच जास्त. डोस दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यायचा. तीही पडली, किंवा बाळ मलूल झालं, की तोंडाचं औषध विसरायचं. शंभर मिलिग्रॅमच्या कुपीत दोन मिलिलिटर पाणी घालून त्यातलं अर्धा मिलिलिटर, म्हणजे २५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत टोचायचं आणि लगेच इस्पितळ गाठायचं.

दिवसाच्या डोसाच्या सहापट-नऊपट औषध एका सुईत द्यायचं म्हणजे बापाचा हात थरथरतो. या बापाला आम्ही संत्र्यावर सुई मारायला शिकवलं. बाळ आठ महिन्यांचं असताना एका रात्री जुलाब-उलट्या लागल्या, तेव्हा त्यानं इंजेक्शन दिलं आणि मगच गाडी काढली. पहाटे चारला ते आमच्याकडे पोचले तेव्हा बाळाचं सोडियम १३३ होतं आणि ते भुकेनं रडत होतं.