समाधी, सबीज व निर्बीज
पतंजलीच्या योगसूत्रांत सांगितलेल्या चित्तैकाग्रतेच्या चढत्या अवस्था. उदा., भंडाऱ्याचा पितळी लोटा ध्यानाचा विषय केल्यास प्रथम ‘लोटा’ हा शब्द, ती वस्तू व तिचे ज्ञान ही चित्तात मिसळलेली असतात. ही सवितर्क अवस्था. शब्दाची आठवण गळून केवळ वस्तूच भासू लागली, की ती निर्वितर्क. पुढे चित्त वस्तूच्या सूक्ष्म घटकांवर स्थिरावते : देश-काळाच्या संदर्भासह सविचार, त्याविना निर्विचार. या चारही अवस्थांत आलंबनरूपी बीज उरते, म्हणून त्या सबीज होत. निर्विचारातून उपजणाऱ्या सत्यग्राही प्रज्ञेचा संस्कार इतर संस्कारांना रोखतो. अखेर तोही निरुद्ध झाला, की निर्बीज समाधी लाभते. ही निद्रा नव्हे. कारण निद्रा हीदेखील चित्ताची एक वृत्तीच होय.