चार हजार तास कसे मोजले जातात

यूट्यूबवरच्या चॅनेलला जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी आधी ‘यूट्यूब पार्टनर प्रोग्राम’मध्ये प्रवेश मिळवावा लागतो. या प्रवेशासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात. चॅनेलला सबस्क्रायबर किती आहेत, लोकांनी त्याचे व्हिडिओ किती तास पाहिले आणि नियमभंगाबद्दल चॅनेलवर एखादा स्ट्राइक चालू आहे का. या तिन्हींची मोजदाद एकसारखी होत नाही. सबस्क्रायबरांच्या आकड्याला मुदत नसते, तासांना एका वर्षाची मुदत असते आणि प्रत्येक स्ट्राइकला स्वतःची नव्वद दिवसांची मुदत असते. तास पूर्ण झाले असे वाटत असतानाच एखादे चॅनेल अपात्र ठरते, त्यामागे बहुतेक वेळा या मुदतींचा गोंधळ असतो.

२०१७ च्या एप्रिलमध्ये यूट्यूबने पहिल्यांदा १०,००० व्ह्यूजची अट घातली. हे व्ह्यूज चॅनेल सुरू झाल्यापासूनचे एकूण धरले जात, त्यामुळे एकदा गाठलेला आकडा हातचा जात नसे. २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या नियमांनी हे चित्र बदलले. १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास, अशी नवी अट आली. तासांऐवजी नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, हा पर्याय पुढे आला. २०२३ मध्ये त्याखाली आणखी एक पायरी जोडली गेली. ५०० सबस्क्रायबर, नव्वद दिवसांत किमान तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज असतील, तर चॅनेलला सदस्यत्व आणि सुपर चॅटसारख्या सोयींतून प्रेक्षकांकडून थेट पैसे घेता येतात. जाहिरातींच्या वाट्यासाठी मात्र वरचीच पायरी गाठावी लागते.

चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. प्रेक्षक एक व्हिडिओ सरासरी चार मिनिटे पाहत असेल, तर वर्षात साठ हजार व्ह्यूज हवेत. हा हिशेब सोपा आहे. खरी अडचण ‘मागचे बारा महिने’ या शब्दांत आहे. हे बारा महिने जानेवारी ते डिसेंबर नसतात आणि चॅनेल उघडल्याच्या तारखेपासूनही धरले जात नाहीत. कोणत्याही दिवशी त्या दिवसापासून मागचे ३६५ दिवस मोजतात. आजचा दिवस त्यात मिळतो तेव्हा गेल्या वर्षीचा एक दिवस त्यातून निघून जातो. गेल्या वर्षीच्या त्या दिवशी चाळीस तास मिळाले असतील आणि आज दहाच मिळाले, तर एकूण बेरीज तीस तासांनी घटते. त्या दिवशी चॅनेलचे काहीही बिघडलेले नसते.

सणावारी पाहिल्या जाणाऱ्या चॅनेलला याचा फटका सर्वांत जास्त बसतो. समजा, घरगुती पाककृतींचे एक मराठी चॅनेल आहे. त्याला १,०४० सबस्क्रायबर आहेत आणि एरवी महिन्याला सुमारे २०० तास मिळतात, म्हणजे वर्षाचे २,४००. उकडीचे मोदक, पंचखाद्य आणि ऋषीच्या भाजीचे त्याचे व्हिडिओ गणपतीत भरपूर चालतात. चतुर्थीच्या दोन दिवस आधीपासून विसर्जनापर्यंत त्यांतून नेहमीपेक्षा ९०० तास जास्त येतात.

२०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली. तिथी अकरा दिवस मागे सरकल्यामुळे दोन गणेशोत्सवांत ३६५ दिवसांपेक्षा कमी अंतर पडले. ४ सप्टेंबर २०२५ या दिवशी मागचे ३६५ दिवस मोजले, तर त्यांत ५ सप्टेंबर २०२४ पासूनचा काळ येतो. २०२४ च्या गणपतीतले सगळे ९०० तास त्यात आले आणि २०२५ चे तोवर मिळालेले सुमारे ८००. नेहमीचे २,४०० धरून बेरीज ४,१०० होते. चॅनेल पात्र ठरते. पण दुसऱ्याच दिवसापासून २०२४ चे ते भरघोस दिवस एकेक करून गळू लागतात आणि १८ सप्टेंबरला बेरीज ३,३०० वर आलेली असते. पात्रतेची ही संधी जेमतेम काही दिवसांची असते.

२०२६ चे गणित याच्या उलट आहे. त्या वर्षी ज्येष्ठात अधिक मास असल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. १० सप्टेंबर २०२६ रोजी मागचे ३६५ दिवस पाहिले, तर २०२५ चा गणेशोत्सव त्यांतून बाहेर गेलेला असतो आणि २०२६ चा सुरू व्हायचा असतो. एकही गणपती हिशेबात नाही, म्हणून बेरीज २,४०० वरच थांबते. चॅनेलचे काम तेच आणि प्रेक्षकही तेच असले, तरी पंचांगामुळे आकड्यात सतराशे तासांची तफावत पडते. सणांवर चालणाऱ्या चॅनेलचा हिशेब म्हणूनच आदल्या दोन वर्षांच्या तारखा समोर ठेवून करावा लागतो.

या बेरजेत काय धरले जात नाही, हेही पाहायला हवे. फक्त सार्वजनिक व्हिडिओंचे तास मोजले जातात. व्हिडिओ खासगी केला, अनलिस्टेड ठेवला किंवा डिलीट केला, तर त्याचे आधी मिळालेले तासही वजा होतात. जुने, ओबडधोबड वाटणारे व्हिडिओ काढून चॅनेल नीटनेटके करण्याचा मोह अर्जाच्या आधीच्या दिवसांत महागात पडतो. लाइव्ह संपल्यावर त्याचे रेकॉर्डिंग सार्वजनिक राहिले नाही, तर ते तास गेले. जाहिरात मोहिमेतून मिळालेले तास धरत नाहीत आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळही चार हजारांत येत नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसणारा एकूण वेळ आणि YouTube Studio मधील Earn या टॅबवरचा आकडा जुळत नाही, तो यामुळेच. पात्रतेसाठी Earn वरचाच आकडा ग्राह्य असतो, आणि तोही लगेच अद्ययावत होत नाही.

सबस्क्रायबरांची मोजणी त्या मानाने सरळ आहे. हा आकडा जमत जातो, वर्ष उलटले म्हणून घटत नाही. बंद पडलेली आणि बनावट ठरलेली खाती मात्र वेळोवेळी वगळली जातात. हजारच्या काठावरचे चॅनेल त्यामुळे एखाद्या दिवशी पुन्हा ९९० वर दिसू शकते. हा काठ लवकर ओलांडायला ‘तुम्ही मला सबस्क्राइब करा, मी तुम्हाला करतो’ अशी देवाणघेवाण चालते आणि तिथेच तिसरा हिशेब सुरू होतो. असे आवाहन करणारा व्हिडिओ यूट्यूबच्या बनावट प्रतिसादाविषयीच्या नियमांत बसत नाही. शिवाय असे सबस्क्रायबर व्हिडिओ पाहत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून तासही मिळत नाहीत.

पहिल्या नियमभंगाला सहसा ताकीद मिळते. धोरणाविषयीचे छोटे प्रशिक्षण पूर्ण केले, तर ती नव्वद दिवसांनी संपते. ताकीद असताना पुन्हा नियम मोडला की स्ट्राइक बसतो. पहिल्या स्ट्राइकनंतर एक आठवडा नवे व्हिडिओ टाकता येत नाहीत, नव्वद दिवसांच्या आत दुसरा आला तर दोन आठवडे. त्याच नव्वद दिवसांत तिसरा आला, तर चॅनेल बंद होते. स्ट्राइक ज्या दिवशी मिळाला त्या दिवसापासून त्याचे नव्वद दिवस मोजतात. दोष असलेला व्हिडिओ काढून टाकल्याने स्ट्राइक जात नाही. निर्णय चुकीचा वाटत असेल तर अपील करणे, नाहीतर मुदत संपण्याची वाट पाहणे, एवढेच हाती राहते. चालू स्ट्राइक असेपर्यंत पार्टनर प्रोग्रामसाठी चॅनेल पात्र ठरत नाही.

वरच्या पाककृतींच्या चॅनेलला अशाच आवाहनाबद्दल जुलै २०२५ मध्ये ताकीद मिळाली आणि २० ऑगस्टला स्ट्राइक बसला, असे धरू. अपलोडवरची आठवड्याची बंदी नेमकी २७ ऑगस्टपर्यंत, म्हणजे चतुर्थीपर्यंत. मोदकांचा नवा व्हिडिओ सणाआधी टाकता येत नाही. जुने व्हिडिओ लोक पाहत राहतात आणि त्यांचे तास मोजलेही जातात, म्हणून ४ सप्टेंबरला बेरीज ४,१०० होतेच. सबस्क्रायबर आहेत, तास आहेत, पण स्ट्राइक चालू असल्याने अर्ज करता येत नाही. स्ट्राइकची मुदत संपते १८ नोव्हेंबरला आणि तोवर तास ३,३०० वर आलेले असतात. आता ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांची खालची पायरी खुली होते, मात्र मधल्या नव्वद दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ टाकलेले असले तरच. जाहिरातींच्या वाट्यासाठी नव्याने तास जमवावे लागतात. स्ट्राइकने तासांना हात लावला नाही, पण ते तास उपयोगी पडण्याचे दिवस हातचे गेले.

कॉपीराइटचा स्ट्राइक या मोजणीत धरत नाहीत, त्याचा हिशेब वेगळा असतो. हक्कधारकाने रीतसर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला, तर तो बसतो. त्याचीही मुदत नव्वद दिवसांची असते आणि तिथेही तिसऱ्या स्ट्राइकला चॅनेल बंद होण्याची वेळ येते. पार्श्वभूमीला चित्रपटातले गाणे असल्याने स्वयंचलित तपासणीत येणारा ‘कंटेंट आयडी क्लेम’ मात्र स्ट्राइक नसतो. बहुतेक वेळा त्या व्हिडिओचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाते, एवढेच. हा क्लेम आला की स्ट्राइक समजून घाबरून व्हिडिओ डिलीट केले जातात, आणि त्यासोबत त्यांचे तासही जातात.

तिन्ही अटी पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो, पण आकडे भरले म्हणजे प्रवेश मिळालाच असे नाही. अर्जानंतर चॅनेलची छाननी होते. तिला साधारण महिना लागतो. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले आणि सर्वांत नवे व्हिडिओ, ज्यांनी सर्वाधिक तास मिळवून दिले ते व्हिडिओ, शीर्षके आणि थंबनेल हे सगळे पाहिले जाते. दुसऱ्यांच्या क्लिप जोडून किंवा एकाच साच्यातले व्हिडिओ काढून मिळवलेले तास मोजणीत दिसतात, पण या टप्प्यावर अर्ज नाकारला जातो. नकार आल्यावर एकवीस दिवसांत अपील करता येते. पहिलाच नकार असेल तर तीस दिवसांनी नव्याने अर्ज करता येतो, त्यानंतरच्या नकारांना नव्वद दिवस थांबावे लागते. या थांबण्याच्या काळातही मागचे ३६५ दिवस पुढे सरकतच असतात.

एकदा प्रवेश मिळाला, की तास पुन्हा चार हजारांखाली गेले म्हणून चॅनेल लगेच बाहेर काढले जात नाही. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ व्हिडिओ किंवा पोस्ट काहीच न टाकणाऱ्या आणि उंबरठ्याखाली गेलेल्या चॅनेलचे मॉनेटायझेशन काढून घेण्याचा हक्क मात्र यूट्यूबने राखून ठेवला आहे. नियमभंगाच्या बाबतीत अशी सवलत नाही, त्याबद्दलची कारवाई प्रवेशानंतरही केव्हाही होऊ शकते.