पॅम्प्लेटचे आठ तुकडे

जून जवळ आला की क्लासवाले सर डिझायनरला एक फाइल पाठवतात आणि सांगतात, "हे इन्स्टावर टाकायचं आहे." ती फाइल म्हणजे वर्तमानपत्रात घालून वाटलेले ए-फोर पॅम्प्लेट असते. त्यात वेळापत्रक, फी, गेल्या वर्षीचे निकाल, शिक्षकांच्या पदव्या, पत्ता असे सगळे एकाच पानावर. कागदावर ते वाचता येत होते, फोनवर येत नाही. कारण साध्या गुणाकाराचे आहे. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद आणि नेहमीच्या फोनचा पडदा सात सेंटिमीटरच्या आत-बाहेर. पान तिपटीने आकसते, म्हणून १२ पॉइंटचा मजकूर चार पॉइंटचा होतो. बोटांनी मोठे करून बघावे, तर इन्स्टाग्रामवर बोटे उचलताच चित्र परत लहान होते.

म्हणून कॅरॉसल, म्हणजे बोटाने सरकवत बघायच्या चित्रांची मालिका. प्रत्येक चित्र १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० उंच घ्यावे. फोनवर ही १०८० पिक्सेलची रुंदी त्याच सात सेंटिमीटरांत बसते, म्हणजे १०० पिक्सेलला जेमतेम साडेसहा मिलिमीटर. हे एक प्रमाण लक्षात ठेवले की पुढचे अंदाज आपोआप येतात. २४ पिक्सेलचे अक्षर फोनवर दीड मिलिमीटरचे होते, ४८चे तीन मिलिमीटरचे. आणि हे माप वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटीपर्यंतचे. शिरोरेषेखालचे मूळ अक्षर त्याच्या निम्म्याहून थोडेच मोठे.

इंग्रजीसाठी ठरवलेले आकार मराठीला पुरत नाहीत ते इथे. 'विद्यार्थ्यांसाठी' हा क्लासच्या जाहिरातीत हमखास येणारा शब्द घ्या. त्यात 'द्य' आहे, 'र्थ्यां' आहे, वर रफार आणि अनुस्वार शेजारी-शेजारी दाटलेले. २४ पिक्सेलला तो रफार-अनुस्वार एक काळा ठिपका होतो. त्यात अपलोड करताना चित्र दाबले जाते, तेव्हा बारीक रेषा आणखी पुसट होतात. म्हणून मुख्य मजकूर ४८ पिक्सेलच्या खाली नेऊ नये, तळटीपही ३६च्या खाली नको, आणि फॉन्ट मुक्तासारखा मोकळ्या पोटाचा, मध्यम जाडीचा असावा. दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवावे, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. एक सावधगिरी: काही सॉफ्टवेअर आकार पॉइंटमध्ये मोजतात, तेव्हा आकडा तोच दिसला तरी अक्षर वेगळे निघते.

आता दहावीच्या एका क्लासचे वेळापत्रक पाहू. पॅम्प्लेटवर ते सहा वार आणि वेळेचा रकाना असे सात रकान्यांचे कोष्टक आहे. दोन्ही कडांना ८० पिक्सेल सोडले की ९२० उरतात, म्हणजे रकान्याला १३१. त्यात ४८ पिक्सेलने 'विज्ञान' कसेबसे बसते, 'समाजशास्त्र' बसतच नाही. इथे बहुतेक जण अक्षर लहान करतात. मोडायला हवे ते कोष्टक. पालकाला आपल्या मुलाची एकच बॅच हवी असते, म्हणून एका चित्रावर एक बॅच: वर 'सायंकाळची बॅच', खाली 'सोम, बुध, शुक्र – गणित, ६ ते ७.३०', त्याखाली 'मंगळ, गुरू, शनि – विज्ञान, ६ ते ७.३०'. मराठीच्या चार-पाच शब्दांना एक ओळ लागते. सात-आठ ओळींनंतर थांबावे आणि पुढचे चित्र घ्यावे.

अशाने मालिका आठ चित्रांची होते: मुखपृष्ठ, तीन बॅचेस, फी, शिक्षक, निकाल, संपर्क. निकालाच्या चित्रावर सर चाळीस मुलांचे फोटो-नावे मागतील. तिथे वाद घालावा. सहा चेहरे ओळखू येतात, चाळीस येत नाहीत.

मुखपृष्ठाची परीक्षा आणखी कडक असते. प्रोफाइलवर ते तीन रकान्यांपैकी एकात, म्हणजे तिसऱ्या हिश्शात दिसते आणि दोन्ही कडांनी थोडे कापलेही जाते. त्यावर १२० ते १४० पिक्सेलचे तीन-चारच शब्द: 'दहावी गणित-विज्ञान प्रवेश सुरू'. क्लासच्या बोधवाक्याला जागा नाही.

तपासणी लॅपटॉपवर होत नाही, कारण तिथे चित्र फोनच्या दुप्पट मोठे दिसते. आठही चित्रे स्वतःच्या फोनवर घ्या, प्रकाश निम्मा करा आणि चष्मा लागलेल्या पन्नाशीतल्या कुणाच्या तरी हातात द्या. "दिसतंय का?" असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. "शनिवारी कुठला विषय आहे?" असे विचारा. फोन जवळ-लांब होऊ लागला की आकार चुकला.

शेवटच्या चित्रावरच्या फोन नंबरवर बोट टेकवून फोन लागत नाही. तो वाचून दाबावा लागतो. म्हणून ९० पिक्सेल, पाच-पाच आकड्यांचे दोन गट. काही फॉन्टांत १ आणि ९ बारीक आकारात सारखे भासतात, त्यामुळे एवढ्या एका ठिकाणी इंग्रजी आकडे वापरायला माझी हरकत नाही.